टायटॅनिकवरून उतरा, लासलगावला या

आमच्या ऑफिसात डेटा सायन्सची फ्रेशरसाठी जागा निघाली की रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे येतं. संध्याकाळी चहा घेऊन बसते आणि पहिल्या वीसएक रेझ्युमेंतच जुनी ओळखीची मंडळी भेटायला लागतात. टायटॅनिक जहाजावरचे ८९१ प्रवासी. फिशर यांनी १९३६ साली आपल्या लेखात वापरलेली आयरिसची १५० फुलं. बोस्टनमधल्या घरांच्या किमतींच्या ५०६ ओळी. या बोस्टनची एक गंमत आहे. त्यातला एक रकाना कृष्णवर्णीय वस्तीच्या प्रमाणावरून काढलेला होता, त्यावर आक्षेप आले आणि सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीने आपल्या १.२ या आवृत्तीपासून तो डेटा काढूनच टाकला. आज कोणी `load_boston` लिहिलं तर समोर एरर येतो. तरी तो रेझ्युमेत आहेच. म्हणजे निदान एवढं कळतं की हा प्रोजेक्ट बऱ्याच दिवसांत कोणी चालवून पाहिलेला नाही.

शिकायला हे डेटा उत्तमच आहेत, मीही त्यावरच शिकले. पण शिकण्याची वही आणि दाखवण्याचं काम यांत फरक असतो. टायटॅनिकवर प्रश्न दुसऱ्याने विचारलेला आहे, डेटा दुसऱ्याने गोळा केलेला आहे, आणि उत्तर हजारो लोकांनी आधीच लिहून ठेवलेलं आहे. त्यात उमेदवाराचं स्वतःचं काय, हे वाचणाऱ्याला शोधूनही सापडत नाही.

रेझ्युमे वाचताना माझ्या मनात तीन शंका असतात. कॉलेजबाहेरचा मळका डेटा हाताला लागला तर या मुलाचं काय होईल? आपलं मॉडेल आपल्याला फसवतंय हे त्याला ओळखता येईल का? आणि त्याने केलेलं काम तिसऱ्या माणसाला वापरता येईल का? तीन प्रोजेक्ट हवेत ते एवढ्यासाठी, प्रत्येक शंकेला एक. एकाच प्रकारची तीन मॉडेलं तीन स्वच्छ फाइलींवर चालवून या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही.

मध्यंतरी निफाडकडचा एक मुलगा मुलाखतीला आला होता. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, नावाजलेलं कॉलेज नाही, मार्क बरे. त्याच्या तीन प्रोजेक्टांपैकी दोन कांद्यावर होते आणि तिसरा मामाच्या मेडिकलच्या दुकानावर. कोणता प्रोजेक्ट कशासाठी असतो हे सांगायला त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही, म्हणून त्याच वाटेने जाते.

पहिला प्रोजेक्ट मळक्या डेटाचा. लासलगावच्या कांद्याचे भाव सगळ्यांना उघड बघता येतात. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रुपये प्रतिक्विंटलमध्ये असतो, शिवाय आवक. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही तेच असतं. data.gov.in वर नाव नोंदवलं की एक की मिळते आणि प्रोग्राममधून थेट डेटा ओढता येतो. इतकं सोपं वाटतं, आणि पहिल्याच दिवशी पाय घसरतो.

अ‍ॅगमार्कनेटवर लासलगाव नावाचे बाजार एकाहून जास्त आहेत. `Lasalgaon` आहे, `Lasalgaon(Niphad)` आहे आणि `Lasalgaon(Vinchur)` आहे. मुख्य बाजार आवार आणि दोन उपबाजार. ज्याने नावात ‘लासलगाव’ असलेल्या सगळ्या ओळी उचलल्या, त्याच्याकडे एका दिवसाला तीन-तीन भाव येतात आणि तो बिचारा त्या डुप्लिकेट ओळी समजून दोन उडवून टाकतो. दुसरी गोष्ट आवकेची. अ‍ॅगमार्कनेट आवक टनात देतं, पणन मंडळ क्विंटलमध्ये. दोन्हीकडचे आकडे एका रकान्यात ओतले की काही दिवशी आवक दहापट वाढलेली दिसते. आलेख काढला तर हे डोळ्याला लगेच खुपतं. पण आलेख न काढता थेट मॉडेल चालवणारेच जास्त.

मग वाण. उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमारास निघतो आणि चाळीत भरून ठेवला तर पुढे पावसाळ्यापलीकडे पुरतो. लाल कांदा हिवाळ्याच्या तोंडाशी यायला लागतो. मधल्या दिवसांत एकाच तारखेला दोन्हींची नोंद असते. समजा, एखाद्या दिवशी नवा लाल कांदा २०० क्विंटल आला आणि २४०० रुपयांनी गेला, आणि जुना उन्हाळ १२,००० क्विंटल आला आणि १५०० रुपयांनी गेला. दोन भावांची सरळ सरासरी १९५० येते. आवकेच्या वजनाने काढली तर साधारण १५१५. बाजारात त्या दिवशी १९५० रुपये कोणालाच मिळालेले नाहीत. आणि हा फरक फक्त त्या दिवसापुरता राहत नाही. पुढे भाव ‘अचानक चढला’ असा जो निष्कर्ष निघतो, तो खरं तर वाण बदलल्याचा परिणाम असतो.

तिसरी गोष्ट मला या मुलाकडून कळली, आणि ती मला फार आवडली. त्याच्या डेटात महिन्याकाठी काही दिवस गायब होते. रविवार वगळले, सणवार वगळले, तरी काही उरत होते. ते दिवस कोणते, हे त्याला पायथनने नाही, वडिलांनी सांगितलं. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची नाशिककडे जुनी रीत होती. अमावास्या कुठल्या कॅलेंडर लायब्ररीत आपसूक येत नाही, ती पंचांगात बघावी लागते. याशिवाय संप आणि बंद असतातच. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यात काही दिवस लिलावच झाले नाहीत. डेटात हे सगळं फक्त ‘ओळ नाही’ एवढंच दिसतं. ओळ का नाही, हे शोधणं म्हणजेच पहिला प्रोजेक्ट.

या प्रोजेक्टात मॉडेल नसलं तरी चालतं. माझ्या मते नसावंच. एक नेमका प्रश्न हवा. उदाहरणार्थ: चाळीत कांदा ठेवून तीन महिन्यांनी विकणाऱ्याला, मे महिन्यात विकणाऱ्यापेक्षा गेल्या दहा वर्षांत किती वेळा जास्त पैसे मिळाले? सड आणि वजनातली घट धरल्यावरही? घटीचा आकडा डेटात नसतो, म्हणून तो तीन-चार वेगवेगळा धरून उत्तर किती हलतं ते दाखवायचं. याला एसक्यूएलच्या पाच-सहा चांगल्या क्वेऱ्या, दोन आलेख आणि एक तक्ता पुरतो. सोबत एक छोटी फाइल ठेवायची: किती ओळी आल्या, किती काढल्या, कोणत्या कारणाने. सर्वसाधारण दर किमान आणि कमाल यांच्या मध्ये बसत नाही अशा ओळी किती, शून्य भावाच्या किती, एक शून्य जास्त पडून १५०० चे १५,००० झालेल्या किती. मुलाखतीत मी पहिला प्रश्न त्या फाइलीवरच विचारते. ज्याने स्वतः हात घातलेला असतो तो इथे खुलतो. नेटवरून उचललेला प्रोजेक्ट असेल तर इथेच गप्प होतो.

दुसरा प्रोजेक्ट मॉडेलचा, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. म्हणून इथे जरा रेंगाळते.

त्याच डेटावर प्रश्न असा घेऊ: आज बाजार संपल्यावर, पुढच्या सातव्या बाजारदिवशी सर्वसाधारण दर किती असेल? सात का? उद्याचा भाव सांगून शेतकऱ्याला काही उपयोग नाही, ट्रॅक्टर भरायचा निर्णय त्याच्या आधी झालेला असतो. आणि तीन महिन्यांनंतरचा भाव सांगायला डेटात काही नसतं. अंदाज किती पुढचा हवा हे मॉडेलवरून नाही, निर्णयावरून ठरतं. हे एक वाक्य `README.md` मध्ये लिहिलेलं असलं तरी मी खुर्चीत सरसावून बसते.

आता बहुतेक मुलं काय करतात? सगळ्या ओळी घेतात, `train_test_split` लावतात, ती यादृच्छिकपणे काही ओळी शिकायला आणि काही तपासायला देते. मग रँडम फॉरेस्ट. आर-स्क्वेअर ०.९७ येतो. रेझ्युमेत ठळक अक्षरांत जातो.

यात चूक अशी, की १२ ऑगस्टची ओळ तपासणीत आहे आणि ११ व १३ ऑगस्टच्या ओळी मॉडेलने आधीच पाहिलेल्या आहेत. या तीन ओळींची उत्तरंही एकमेकांना लागूनच, १२ ची उत्तराची तारीख इतर दोघींच्या मध्ये. दोन्ही बाजूंचे भाव माहीत असताना मधला भरायला बुद्धी लागत नाही. हे म्हणजे गाळलेल्या जागा भरणं झालं. बाजारात बसलेल्या माणसाकडे १३ ऑगस्ट नसतो. म्हणून तारखेने कापायचं: एका दिवसाच्या आधीचं सगळं शिकायला, नंतरचं सगळं तपासायला.

```python
df = df.sort_values("date")
df["y"] = df["modal"].shift(-7)

cut = "2023-07-01"
train = df[df["date"] < cut].iloc[:-7]
test = df[df["date"] >= cut].dropna(subset=["y"])

print((test["y"] - test["modal"]).abs().mean())
```

इथे `modal` म्हणजे आजचा सर्वसाधारण दर आणि `y` म्हणजे सात बाजारदिवसांनंतरचा. `iloc[:-7]` कशाला, असा प्रश्न पडेल. जूनच्या शेवटच्या सात ओळींचं उत्तर जुलैत आहे. त्या शिकवणीत ठेवल्या तर जुलैचे भाव मागच्या दाराने आत येतात. सात ओळींनी फार काही बिघडत नाही, पण त्या काढणाऱ्याला गळती म्हणजे काय ते कळलेलं असतं. डेटा सायन्समध्ये याला लीकेज म्हणतात, आणि ते पावसाळ्यातल्या छतासारखं असतं: पाणी टपकतं एका जागी, भोक भलत्याच जागी. सात दिवसांची सरासरी काढताना `center=True` दिलं की प्रत्येक दिवसाच्या सरासरीत पुढचे तीन दिवस येऊन बसतात, कोड मात्र कुठेही कुरकुरत नाही. ओळखायची खूण एकच. निकाल अपेक्षेपेक्षा फार चांगला आला की आनंदी व्हायच्या आधी भोक शोधायला जायचं.

कोडातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यात मॉडेल नाही. ‘सात दिवसांनी भाव आजच्याइतकाच असेल’ असं म्हणून बसलो तर सरासरी किती रुपयांनी चुकू, एवढंच ती सांगते. हा आळशी अंदाज. समजा तो क्विंटलमागे १८० रुपयांनी चुकतो. आता तुमचं मॉडेल १७० ने चुकत असेल, तर सगळ्या खटाटोपाची कमाई दहा रुपये. १९० ने चुकत असेल तर खटाटोप उणे दहा. आणि गंमत अशी की कांद्याचा भाव आठवड्यात सहसा फार हलत नसल्याने या आळशी अंदाजाचाही आर-स्क्वेअर दिमाखदार येऊ शकतो. म्हणून नुसता ०.९७ सांगणाऱ्याला मी विचारते, काहीच न करता किती आला असता? उत्तर ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

हीच लबाडी दुसरीकडेही दिसते. कॅगलवर क्रेडिट कार्ड फसवणुकीचा एक प्रसिद्ध डेटा आहे. २,८४,८०७ व्यवहार, त्यांतले ४९२ खोटे. ‘सगळे व्यवहार खरे’ असं डोळे मिटून म्हटलं तरी ९९.८ टक्के अचूकता मिळते. रेझ्युमेत ही ९९.८ मला किती वेळा भेटली असेल, मोजणं सोडून दिलं.

कांद्याकडे परत. पहिल्या प्रोजेक्टातल्या त्या गायब दिवसांचं काय केलं, ते इथे भोवतं. बंद दिवसांत आदल्या दिवसाचा भाव भरून टाकला, म्हणजे पांडाजचं `ffill` लावलं, तर संपाच्या आठवड्यात भाव जराही न हललेला दिसतो. त्या दिवसांवर आळशी अंदाजही अचूक ठरतो आणि तुमचं मॉडेलही. दोघांना फुकटचे मार्क. म्हणून बंद दिवस भरायचे नाहीत, बाजारदिवसच मोजायचे. मघाच्या कोडात `shift(-7)` सात ओळी पुढे जातो, सात तारखा नाही, ते बरोबर यासाठीच.

या मुलाच्या मॉडेलने काय दिवे लावले? खरं सांगायचं तर फारसे नाहीत. साध्या आठवड्यांत ते आळशी अंदाजाच्या किंचित पुढे होतं. पण त्याने चुका तारखेप्रमाणे मांडल्या आणि पाहिलं, की मोठ्या चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत, त्या ठरावीक दिवसांभोवती गोळा झालेल्या आहेत. एक गठ्ठा डिसेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात. ८ डिसेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली होती. दुसरा ४ मे २०२४ च्या आसपास, ती बंदी उठली तेव्हा. उठताना टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊन उठली. मॉडेलकडे आवक होती, मागचे भाव होते, महिना होता. दिल्लीतली अधिसूचना नव्हती.

मी विचारलं, मग बंदीचा एक रकाना का नाही घातलास? बंदी असेल तर १, नसेल तर ०?

तो म्हणाला, “घातला होता मॅडम, काढला. बंदी चालू आहे हे त्या दिवशी माहीत असतं, त्यामुळे लीकेज नाही. पण माझ्या डेटात बंद्या इनमीन तीन. २०१९ ची, २०२० ची आणि ही. पहिल्या दोन शिकवणीत, तिसरी तपासणीत. दोन उदाहरणांवरून मॉडेल काय शिकणार? आणि बंदी येणार आहे, हे सात दिवस आधी मला कोण सांगणार?”

मुलाखत मनातल्या मनात मी तिथेच संपवली होती. त्याच्या `README.md` मध्ये शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सरळ लिहिलेलं होतं: धोरण बदलल्यावरच्या आठवड्यांत हे मॉडेल वापरू नये, तिथे ते आळशी अंदाजाइतकंच चुकतं. पुष्कळ मुलांना वाटतं की मॉडेल हरलं हे लिहिलं तर नोकरी जाईल. आमच्याकडे उलट आहे. कुठे हरतं ते ज्याला सांगता येतं, त्याच्या हातात मॉडेल द्यायला भीती वाटत नाही. फक्त ते हरणं मोजलेलं हवं. ‘डेटा कमी पडला’ हे मोजमाप नव्हे.

आणखी एक गोष्ट पुस्ती म्हणून. एकाच तारखेने कापून आलेल्या निकालावर विसंबू नये. २०२३ चा उत्तरार्ध कांद्यासाठी वादळी होता. त्यावरच तपासलं तर मॉडेल उगाच वाईट दिसेल, शांत वर्षावर तपासलं तर उगाच चांगलं. कापायची तारीख तीन-चार ठिकाणी सरकवून प्रत्येक वेळी आळशी अंदाज आणि मॉडेल यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. चार ओळींचा तक्ता होतो. तो तक्ता हाच दुसऱ्या प्रोजेक्टाचा निकाल. एक्सजीबूस्ट वापरलं की साधं रिग्रेशन, याला मी तरी दुय्यम मानते.

तिसरा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हातात देण्याचा. त्यात मॉडेल असलं तर असो, गिऱ्हाईक मात्र हवं. खरंखुरं, हाडामांसाचं, ‘हे मला नको’ म्हणू शकणारं.

या मुलाच्या मामांचं तालुक्याला मेडिकल. मामांची तक्रार अशी की दर वर्षी औषधं मुदत संपून पडून राहतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून विक्री आणि साठा एक्सेलमध्ये काढता येत होता. यात त्याने जे केलं ते गणित पाचवीचं आहे. हातातला साठा भागिले रोजची सरासरी विक्री, म्हणजे माल किती दिवस पुरेल. मुदत संपायला किती दिवस उरले. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर जास्तीचा माल पडून राहणार, तो आत्ताच परत पाठवा. समजा एका मलमाच्या ६० नळ्या आहेत, नव्वद दिवसांत १८ खपल्या, म्हणजे दिवसाला ०.२. साठा ३०० दिवस पुरणार आणि मुदत १५० दिवसांची. तेवढ्यात ३० खपतील, ३० उरतील. बस्स, एवढंच.

पण या एवढ्याशा गोष्टीत खाचा किती! गोळ्यांचा साठा पट्ट्यांमध्ये नोंदलेला आणि विक्री कधी पट्टीत, कधी सुटी. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या गेल्या तर कुठे ०.४, कुठे ४. एकाच औषधाच्या दोन बॅच, दोन मुदती. खोकल्याच्या औषधाची जुलैची विक्री एप्रिलवरून काढून चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिलांवर पेशंटची नावं आणि फोन नंबर.

इथे एक धोक्याची पाटी लावते, कारण ही चूक चांगली चांगली मुलं करतात. असा डेटा गिटहबवर चढवायचा नाही. चुकून चढवला आणि मग फाइल डिलीट केली तरी ती जुन्या कमिटमध्ये तशीच राहते, दोन क्लिकवर उघडते. डेटा मिळवायची की किंवा पासवर्ड कोडात लिहून चढवला तरी तेच. तेव्हा फाइल पुसत बसण्यापेक्षा ती की आधी रद्द करून नवी घ्यावी. नावं, नंबर हे रकाने दुकानातल्या कॉम्प्युटरवरच काढून टाकायचे. गिटहबवर त्याच रकान्यांचा, बनावट आकड्यांचा शे-दोनशे ओळींचा नमुना ठेवायचा आणि तो बनावट आहे हे पहिल्या ओळीत सांगायचं. नमुन्यावर कोड चालतो, मामांचं गिऱ्हाईक सुरक्षित राहतं.

दाखवायचं कसं? स्ट्रीमलिटने पायथनमध्येच छोटं पान बनवता येतं आणि फुकटात नेटवर ठेवता येतं. एक अडचण मात्र आहे. फुकटचं अ‍ॅप बराच वेळ कोणी उघडलं नाही की झोपी जातं. रेझ्युमे वाचणारा लिंक दाबतो, समोर ‘अ‍ॅप झोपलंय, उठवा’ अशा अर्थाचं पान येतं, आणि तो पुढच्या रेझ्युमेकडे जातो. मीही गेले आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून पानाचा एक स्क्रीनशॉट `README.md` च्या वरच्या भागात लावून ठेवावा. त्यापेक्षा बरं म्हणजे मिनिटभराचा व्हिडिओ.

रेपॉझिटरी म्हटली की बघणाऱ्याची नजर ठरलेल्या जागी जाते. कोड माझ्या लॅपटॉपवर चालतो का? अर्ध्या वेळा चालत नाही, आणि कारण बहुधा हे असतं:

```python
df = pd.read_csv(r"C:\Users\admin\Downloads\onion_final2.csv")
```

हा रस्ता फक्त तुमच्या घरी जातो. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवून `data/onion.csv` असं लिहावं, लागणाऱ्या लायब्रऱ्या आवृत्तीसकट `requirements.txt` मध्ये द्याव्यात, आणि मग मित्राच्या लॅपटॉपवर, तुम्ही शेजारी उभं न राहता, चालवून पाहावं. दुसरी नजर कमिटांवर जाते. तीन प्रोजेक्ट, तिन्ही एकाच रात्री, प्रत्येकी एकच कमिट, नाव `final`. काम केलेलं असेलही, पण दिसत नाही. महिनाभरातले पंधरा-वीस कमिट, त्यातला एखादा ‘टन-क्विंटलची चूक दुरुस्त केली’ असा, मला पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो.

`README.md` ची सुरुवात ‘मशीन लर्निंग हे आजच्या युगात’ अशी नको. पहिल्या तीन ओळींत प्रश्न काय, उत्तर काय, किती खरं. रेझ्युमेतली ओळही तशीच असावी. ‘पायथन, पांडाज, रँडम फॉरेस्ट वापरून कांदा भाव अंदाज, अचूकता ९७ टक्के’ यापेक्षा ‘लासलगावच्या कांद्याचा सात बाजारदिवस पुढचा अंदाज, कालच्याच भावाच्या अंदाजाशी चार कालखंडांत तुलना, निर्यातबंदीच्या आठवड्यांत मॉडेल निरुपयोगी’ ही ओळ लांब आहे, पण मुलाखतीत विचारायला चार प्रश्न हातात देते. आणि तुम्हाला हवे ते चार प्रश्न.

वेळ किती लागेल, असं मुलं विचारतात. कॉलेज सांभाळून पहिल्याला महिना, दुसऱ्याला महिना धरावा. तिसऱ्याचा कोड आठवड्यात होतो, पण तो गिऱ्हाइकाच्या हातात निदान महिनाभर फिरावा लागतो. कांदाच घ्यायला हवा असं अर्थातच नाही. ज्याच्या घरी द्राक्षं आहेत त्याने द्राक्षं घ्यावी, ज्याची आई बँकेत आहे तिला विचारावं की काउंटरवर गर्दी कधी होते. डेटाबद्दल शंका आली तर रात्री जेवताना विचारायला माणूस घरात हवा, एवढं पाहावं. अमावास्या तशीच सापडली.

मामांच्या यादीचं पुढे काय झालं, हे मी मुलाखतीच्या शेवटी विचारलं. पहिल्या सोमवारी त्याने लॅपटॉपवर रंगीत डॅशबोर्ड दाखवला. मामा म्हणाले, “छान आहे. पण दुकानात गर्दी असताना मी हे कुठे उघडू? कागदावर दे.” दुसऱ्या सोमवारी कागद नेला, कंपनीप्रमाणे लावलेला. मामांनी तो उलटसुलट पाहिला आणि पेनने कडेला नावं लिहायला लागले. कंपनीची नव्हे, डिस्ट्रिब्युटरची. माल परत न्यायला कंपनी येत नाही, डिस्ट्रिब्युटरचा माणूस येतो, आणि तो आपल्या वारी येतो. तेव्हा यादी त्याच्या नावाने आणि त्याच्या वाराप्रमाणे हवी.

तो कागद त्याने फोटो काढून `README.md` मध्ये लावलेला आहे, मामांच्या पेनच्या खुणांसकट. त्याच्या खाली तिसऱ्या सोमवारची यादी.